दगडाने नावे दिली, भाषा चर्चमधून आली

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काचेच्या पेटीत उभ्या असलेल्या रोझेटा शिलेपुढे दिवसभर गर्दी असते. जेमतेम सव्वा मीटरसुद्धा उंच नसलेला हा काळसर दगड सुमारे साडेसातशे किलोंचा आहे आणि त्याचा वरचा भाग फुटून गेलेला आहे. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असते की या दगडावर एकच मजकूर तीन प्रकारे कोरलेला होता, त्यातला ग्रीक मजकूर वाचता येत होता आणि त्याच्या आधारे इजिप्तची चित्रलिपी उलगडली. यात खोटे काही नाही. पण दगड सापडला 1799 मध्ये आणि चित्रलिपी वाचता आली 1822 मध्ये. ग्रीक मजकूर समोर होता, त्याचे भाषांतर झालेले होते, दगडाचे ठसे युरोपभर फिरत होते आणि तरीही तेवीस वर्षे गेली. या तेवीस वर्षांत नेमके काय अडले होते आणि ते कशाने सुटले, हे पाहिले की त्या दगडाचे खरे काम कळते आणि त्याच्या मर्यादाही कळतात.

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत जुलै 1799 मध्ये नाईलच्या मुखाजवळच्या रशीद या गावी, ज्याला युरोपीय लोक रोझेटा म्हणत, फ्रेंच सैनिक एका जुन्या किल्ल्याची डागडुजी करत होते. तिथे हा दगड निघाला. त्याचे महत्त्व ओळखले पियेर-फ्रांस्वा बुशार या तरुण अधिकाऱ्याने. पुढे 1801 मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि करारानुसार दगड इंग्रजांकडे गेला. 1802 पासून तो लंडनमध्ये आहे. मात्र त्याआधीच कैरोतल्या फ्रेंच पंडितांनी दगडावर शाई फासून, कागद दाबून त्याचे ठसे घेतले होते. म्हणजे दगड लंडनला गेला तरी मजकूर पॅरिसमध्ये होताच.

मजकूर आहे इसवी सनापूर्वी 196 मधला. त्या वेळी इजिप्तवर ग्रीक वंशाच्या टॉलेमी घराण्याचे राज्य होते आणि पाचवा टॉलेमी हा कोवळ्या वयाचा राजा गादीवर होता. मेम्फिस येथे जमलेल्या पुरोहितांनी त्याचे उपकार मानणारा एक ठराव केला. देवळांना दिलेल्या देणग्या, माफ केलेले कर आणि त्या बदल्यात राजाच्या मूर्तीची पूजा, असा सगळा सरकारी थाटाचा मजकूर आहे. ग्रीक भागाच्या शेवटी लिहिले आहे की हा ठराव पवित्र लिपीत, लोकांच्या लिपीत आणि ग्रीक लिपीत कठीण दगडावर कोरून देवळांत उभा करावा. तिन्ही ठिकाणी मजकूर एकच, ही गोष्ट अशी खुद्द दगडानेच सांगितली.

त्याला त्रैभाषिक म्हणण्याची पद्धत आहे, पण लिप्या तीन असल्या तरी भाषा दोनच आहेत, ग्रीक आणि इजिप्शियन. इजिप्शियन मजकूर दोन लिप्यांत आहे. वर चित्रांची पवित्र लिपी आणि मधे डेमोटिक नावाची रोजच्या व्यवहाराची लिपी. डेमोटिक म्हणजे तिथली मोडीच म्हणावी लागेल: हिशेब, करार, पत्रे भराभर लिहायची, जोडून लिहिलेली, दिसायला मूळ चित्रांपासून इतकी दूर गेलेली की नाते ओळखू येऊ नये. चित्रलिपीचा भाग सगळ्यांत वर असल्यामुळे दगड फुटला तेव्हा सर्वांत जास्त नुकसान त्याचेच झाले. त्याच्या फक्त 14 ओळी उरल्या आहेत आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या. त्याखाली डेमोटिकच्या 32 आणि ग्रीकच्या 54 ओळी आहेत. शिवाय भाषांतर शब्दाला शब्द असे नाही. त्यामुळे ग्रीक ओळीखाली बोट ठेवून चित्रांच्या ओळीत तोच शब्द शोधायचा, हा सोपा मार्ग पहिल्या दिवसापासून बंद होता.

दुसरी अडचण माणसांच्या डोक्यात होती. चित्रलिपीतला शेवटचा सापडलेला लेख नाईलमधल्या फिली बेटावरच्या देवळात आहे, इसवी सन 394 चा. त्यानंतर ती वाचणारी माणसे संपली आणि तिच्याविषयीच्या कल्पना उरल्या. होरापोलो नावाच्या लेखकाचा पाचव्या शतकातला म्हणून मानला जाणारा एक ग्रंथ पंधराव्या शतकात युरोपला मिळाला. त्यात एकेका चित्राचा गूढ अर्थ सांगितला होता. उदाहरणार्थ, बदकासारख्या पक्ष्याचे चित्र म्हणजे ‘मुलगा’, कारण हा पक्षी पिल्लांवर फार माया करतो. गंमत अशी की यातला अर्थ बरोबर आहे. राजाच्या नावाआधी ‘रा देवाचा मुलगा’ असे लिहिताना खरोखरच तो पक्षी काढलेला असतो. कारण मात्र साफ चूक आहे. प्राचीन इजिप्शियन भाषेत त्या पक्ष्याचे नाव आणि ‘मुलगा’ हा शब्द यांतली व्यंजने एकच होती, म्हणून पक्ष्याचे चित्र आवाजासाठी वापरले गेले. मायेचा काही संबंध नव्हता. पण चित्र दिसले की त्यात विचार शोधायचा, आवाज शोधायचा नाही, ही सवय या ग्रंथाने लावली आणि ती तीनशे वर्षे सुटली नाही.

या सवयीचा सर्वांत मोठा बळी म्हणजे सतराव्या शतकातला जेझुइट पंडित अथानासियस किर्शर. रोममधल्या ओबेलिस्कांवर कोरलेल्या राजांच्या साध्या नावांतून त्याने देवदेवता आणि विश्वशक्तींविषयीची लांबलचक वाक्ये काढली. त्याबद्दल त्याची पुष्कळ टवाळी झाली आहे. पण याच माणसाचे एक ऋण आहे, आणि ते विसरणे अन्यायाचे होईल. किर्शरने ठामपणे मांडले की इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियन भाषेचेच पुढचे रूप आहे. त्याने कॉप्टिकचे व्याकरण आणि शब्दसंग्रह 1643 मध्ये छापून युरोपच्या हाती दिला. त्यासाठी लागलेली कॉप्टिक आणि अरबी हस्तलिखिते इजिप्तमधून रोमला आली ती पिएत्रो देला वाल्ले या इटालियन प्रवाशामुळे. हा तोच देला वाल्ले, जो पुढे 1623 मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यात राहिला. त्या काळच्या पश्चिम किनाऱ्याविषयी वाचणाऱ्यांना त्याची पत्रे ठाऊक असतात.

कॉप्टिकविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत इजिप्तचे लोक ख्रिस्ती होत गेले, तेव्हा आपली बोली लिहायला त्यांनी ग्रीक अक्षरे घेतली. ग्रीकमध्ये नसलेल्या काही आवाजांसाठी डेमोटिकमधून सहा-सात चिन्हे उचलली. लिपी बदलली, धर्म बदलला, पण आई, भाऊ, सूर्य, चंद्र, तोंड, हात या शब्दांचे वळण तेच राहिले. आणखी एक मोठी गोष्ट घडली. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, फक्त व्यंजने लिहीत. ग्रीक अक्षरांमुळे ही भाषा पहिल्यांदाच स्वरांसकट नीट कागदावर आली. अरबांच्या राजवटीत अरबीने तिची जागा हळूहळू घेतली आणि घराबाजारातून ती गेली, मात्र कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेत ती आजही म्हटली जाते. म्हणजे फरोहांच्या भाषेची शेवटची पिढी चर्चमध्ये जिवंत होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बसून ती शिकता येत होती.

दगड हाती आल्यावर पहिली झेप घेतली स्वीडिश मुत्सद्दी योहान डेव्हिड ओकरब्लाड याने, 1802 मध्ये. त्याला कॉप्टिक उत्तम येत होते. त्याने वरच्या चित्रांचा नाद सोडून मधला डेमोटिक मजकूर घेतला. ग्रीकमध्ये टॉलेमी, अलेक्झांडर, बेरेनिके अशी नावे जिथे जिथे येतात, साधारण त्याच अंतरावर डेमोटिकमध्ये कोणते चिन्हसमूह येतात ते पाहिले आणि नावांतून अक्षरे काढली. ती अक्षरे घेऊन तो इतर शब्दांकडे वळला, तेव्हा ‘देवळे’, ‘ग्रीक लोक’ असे शब्द आणि ‘त्याचा’ हा प्रत्यय कॉप्टिकमध्ये आहेत तसेच समोर आले. दगडावरची भाषा आणि चर्चमधली भाषा एकच घराण्यातली, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. पण ओकरब्लाड इथेच अडकला. डेमोटिक सगळी अक्षरांची लिपी आहे असे त्याने धरले. तिच्यात शब्दासाठी एकच चिन्ह, अर्थ सुचवणारे चिन्ह, असा मिश्र कारभार आहे हे त्याच्या लक्षात आले नाही आणि त्याची अक्षरमाला पुढच्या शब्दांना लागू पडेना.

हे मिश्रण ओळखले इंग्लंडच्या थॉमस यंगने. पेशाने वैद्य, पदार्थविज्ञानात प्रकाशाच्या लहरींच्या प्रयोगासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस 1814 मध्ये या कोड्याकडे वळला. डेमोटिक चिन्हे चित्रांवरून झिजत झिजत आलेली आहेत, हे त्याने चिन्हे शेजारी ठेवून दाखवले. मग तो चित्रलिपीकडे आला. तिच्यात काही चिन्हसमूहांभोवती लांबट अंडाकार चौकट असते. फ्रेंच लोक तिला कार्टूश म्हणत. या चौकटीत राजांची नावे असावीत, असा तर्क अठराव्या शतकातच झाला होता. रोझेटा शिलेवरच्या चित्रलिपीत उरलेल्या भागात चौकट एकाच राजाची आहे, टॉलेमीची. यंगने ती चिन्हे ग्रीक नावाच्या आवाजांवर बसवली आणि त्यातली निम्म्याहून अधिक बरोबर बसली. 1819 मध्ये त्याने हे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीत छापले.

पण यंगचे एक गृहीत होते. चिनी लिपीत शब्दासाठी चिन्ह असते, तरी परकी नावे लिहिताना तीच चिन्हे नुसत्या आवाजासाठी वापरतात. इजिप्तमध्येही तसेच असणार, असे त्या काळच्या बहुतेक अभ्यासकांना वाटे. टॉलेमी हा ग्रीक, त्याचे नाव परके, म्हणून तेवढ्यापुरती चित्रे आवाजाची. बाकी सगळी लिपी विचारांची. या समजुतीपाशी यंग थांबला.

त्याच वेळी फ्रान्समध्ये झाँ-फ्रांस्वा शांपोलियाँ हा या कामाला जन्म वाहून बसला होता. 1790 मध्ये फिजाक या गावी पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्मलेला, थोरल्या भावाने वाढवलेला आणि शिकवलेला हा मुलगा पौगंडवयातच कॉप्टिकच्या मागे लागला. पॅरिसमध्ये शिकायला गेल्यावर सेंट रॉश चर्चमध्ये योहान्ना शिफ्तिशी या इजिप्शियन धर्मगुरूकडून त्याने ती भाषा कानांनी ऐकली. पुढे तो मनातल्या मनात कॉप्टिकमध्ये बोलू लागला आणि आपल्या टिपणांतही ती वापरू लागला. यंगला कॉप्टिक कोशातून शोधावी लागे. शांपोलियाँला शब्द आपोआप सुचत. दोघांतला निर्णायक फरक माझ्या मते इथे आहे, बुद्धीत नाही.

आणि तरीही शांपोलियाँसुद्धा चुकीच्या वाटेवर होता. 1821 मध्ये छापलेल्या एका छोट्या पुस्तिकेत त्याने लिहिले की ही चिन्हे वस्तूंची आहेत, आवाजांची नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी त्याने एक अगदी सरळ गोष्ट केली. रोझेटा शिलेवरची चित्रचिन्हे मोजली. ग्रीक मजकुरात शब्द 486. फुटक्या चित्रलिपीत चिन्हे 1,419. एक चिन्ह म्हणजे एक शब्द किंवा एक विचार असता, तर फुटून निम्मा राहिलेल्या मजकुरात शब्दांच्या जवळजवळ तिप्पट चिन्हे येणेच शक्य नव्हते. वेगवेगळी चिन्हे मोजली तर ती भरली फक्त 166. एवढ्या थोड्या चिन्हांत राज्यकारभाराचा ठराव मांडायचा, तर तीच चिन्हे पुन्हा पुन्हा आवाजासाठी वापरली जात असणार. हा हिशेब कोणालाही, कधीही करता आला असता.

1822 च्या जानेवारीत त्याच्या हाती दुसरा एक लेख आला. फिली बेटावरून विल्यम बँक्स या इंग्रज गृहस्थाने एक ओबेलिस्क आपल्या घरी आणला होता. त्याच्या पायावर ग्रीकमध्ये टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावे होती आणि वर चित्रलिपीत दोन चौकटी. एक चौकट रोझेटाच्या टॉलेमीशी जुळत होती, म्हणजे दुसरी क्लिओपात्राची असायला हवी. टॉलेमीचे नाव इजिप्शियन पद्धतीने प-त-ओ-ल-म-य-स असे लिहिलेले. त्यात प म्हणजे लहान चौकोन, त म्हणजे पावाचा अर्धगोल, ओ म्हणजे दोरीचा फास, ल म्हणजे बसलेला सिंह. आता क्लिओपात्राच्या चौकटीत दुसऱ्या जागी ल हवा. तिथे सिंह बसलेला होता. चौथ्या जागी ओ हवा, तिथे फास होता. पाचव्या जागी प हवा, तिथे चौकोन होता. सहाव्या आणि नवव्या जागी आ हवा, दोन्ही जागी तोच पक्षी होता. दोन नावांनी एकमेकांची साक्ष दिली.

एकच जागा जुळत नव्हती. सातव्या जागी त हवा होता, पण तिथे अर्धगोलाऐवजी माणसाच्या हाताचा पंजा होता. इथे दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. शांपोलियाँ म्हणाला, एका आवाजाला दोन चिन्हे असू शकतात. आणि त्याच्याजवळ कारण होते. कॉप्टिकमध्ये हाताला ‘तोत’ म्हणतात. शब्दाचा पहिला आवाज त, म्हणून हाताचे चित्र त. पुढचे चिन्ह तोंडाचे. कॉप्टिकमध्ये तोंड म्हणजे ‘रो’, म्हणून र. नावात तिथे र-च हवा होता. (पुढच्या अभ्यासाने ठरले की पंजाचा मूळ आवाज द च्या जवळचा होता आणि ग्रीक त लिहायला तो चालवून घेतला होता. पण वाट दाखवण्याचे काम त्या अपुऱ्या कारणाने चोख केले.) मिळालेल्या डझनभर अक्षरांनी त्याने इतर चौकटी उघडल्या. त्यांत अलेक्झांडर निघाला, बेरेनिके निघाली, रोमन सम्राटांच्या पदव्या निघाल्या.

मात्र ही सगळी नावे परकीच होती. यंगचे गृहीत अजून शाबूत होते. ते मोडायला हवी होती ग्रीकांच्या आधीची एखादी चौकट, जिच्या शेजारी भाषांतर असण्याचा प्रश्नच नव्हता.

14 सप्टेंबर 1822 या दिवशी ती त्याच्यासमोर आली. झाँ-निकोला ह्युयो या वास्तुविशारदाने दक्षिणेतल्या अबू सिंबेलच्या देवळातून काढून आणलेल्या चित्रांत एक चौकट होती. सुरुवातीला वर्तुळ, मग वरून बांधलेल्या तीन शेपट्यांसारखे एक चिन्ह आणि शेवटी दोनदा स. शेवटचा स त्याला टॉलेमीच्या नावातून माहीत होता. वर्तुळ सूर्यासारखे दिसते. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात. मग नाव झाले रे-?-स-स. मधले चिन्ह रोझेटा शिलेवरही आहे, आणि तिथे ग्रीक मजकुरात राजाच्या जन्मदिवसाचा उल्लेख येतो. कॉप्टिकमध्ये जन्म देणे म्हणजे ‘मिसे’. रे-मे-स-स. इजिप्तच्या राजांची जी यादी ग्रीक लेखकांनी जपून ठेवली होती तिच्यात हे नाव ठळकपणे आहे: रामसेस, म्हणजे ज्याला रा देवाने जन्म दिला तो.

त्याने पुढचे पान घेतले. तिथल्या चौकटीत वर्तुळाऐवजी लांब चोचीचा आयबिस पक्षी होता, त्याच्यामागे तेच तीन शेपट्यांचे चिन्ह आणि स. आयबिस हा थोथ देवाचा पक्षी हे ग्रीक लेखकांमुळे सर्वांना माहीत होते. थोथ-मेस. थुतमोस, ग्रीक यादीतला आणखी एक राजा. ही नावे अलेक्झांडरच्या कितीतरी शतके आधीची, अस्सल इजिप्शियन. त्यांत चित्रे आवाजासाठी आलेली होती आणि त्याच शब्दांत सूर्याचे किंवा पक्ष्याचे चित्र आख्खा देवही सांगत होते.

या पायऱ्या पुन्हा पाहा. रामसेसच्या चौकटीत दगडाने दोन गोष्टी दिल्या, एक स आणि ‘जन्म’ या अर्थाचा इशारा. ‘रे’ आणि ‘मिसे’ हे आवाज दगडावर कुठेच नाहीत. ते आले कॉप्टिकमधून. कॉप्टिक न जाणणारा माणूस ही चौकट पाहून ‘सूर्य, काहीतरी, स, स’ एवढेच म्हणू शकला असता. तेवीस वर्षे दगड पुढ्यात असून जे घडले नाही, ते इथे मिनिटांत घडले, कारण वाचणाऱ्याच्या कानात भाषा होती.

मग रोझेटाकडे परत वळले की तिथेही तेच दिसते. टॉलेमीची चौकट काही ठिकाणी लांब आहे आणि नावापुढे आणखी चिन्हे आहेत. ग्रीक मजकूर तिथे राजाला ‘सदा जिवंत, प्ताहचा लाडका’ म्हणतो. चौकटीत टॉलेमीनंतर अंख हे वर फासा असलेल्या क्रुसासारखे चिन्ह येते आणि कॉप्टिकमध्ये जगण्याला म्हणतात ‘ओन्ख’. त्यानंतर पुन्हा तोच चौकोन, तोच पावाचा अर्धगोल आणि पिळलेल्या दोरीचे एक चिन्ह: प-त-ह. मेम्फिसचा देव प्ताह. परक्या टॉलेमीच्या नावात प आणि त साठी जी चिन्हे होती, तीच देशी देवाच्या नावात. परक्या नावांपुरतीच आवाजाची लिपी, ही समजूत खोडून काढणारा पुरावा अशा रीतीने 1799 पासून त्याच दगडावर होता.

सप्टेंबरच्या शेवटी पॅरिसच्या अकादमीत शांपोलियाँचा निबंध वाचला गेला, अकादमीचे सचिव दासिए यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात. योगायोगाने यंग त्या वेळी पॅरिसमध्ये होता आणि सभेत हजर होता. या पत्रात भर मुख्यतः ग्रीक-रोमन नावांवर होता. संपूर्ण पद्धत त्याने 1824 च्या पुस्तकात मांडली: काही चिन्हे आवाजाची, काही आख्ख्या शब्दाची, आणि काही मुकी, जी वाचायची नसतात पण शब्दाच्या शेवटी बसून तो कोणत्या जातीचा आहे ते सांगतात. क्लिओपात्राच्या नावाच्या शेवटी पावाचा अर्धगोल आणि अंडे आहे. त्यांचा नावात उच्चार नाही, हे स्त्रीचे नाव आहे एवढे ते कळवतात. यंगला त्याचे श्रेय देताना शांपोलियाँने हात आखडता घेतला, हे मान्यच करायला हवे. पहिल्या अक्षरांची वाट यंगने मळली होती.

1828-29 मध्ये शांपोलियाँ स्वतः इजिप्तला गेला आणि जी देवळे त्याने कागदावर पाहिली होती त्यांच्या भिंती उभ्या उभ्या वाचत फिरला. 4 मार्च 1832 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी तो वारला. त्याचे व्याकरण आणि कोश थोरल्या भावाने त्याच्यामागे छापले.

काम मात्र पुरे झालेले नव्हते. बऱ्याच चिन्हांना त्याने एकेका व्यंजनाची किंमत दिली होती. 1837 मध्ये जर्मन अभ्यासक रिखार्ट लेप्सियुस याने दाखवले की कित्येक चिन्हे दोन-दोन व्यंजनांची आहेत. रामसेसमधले तीन शेपट्यांचे चिन्ह त्यांतलेच: ते एकटेच ‘म्स’ आहे आणि त्यामागचा स हा वाचकाला चिन्हाचा उच्चार पक्का करून देण्यासाठी जोडलेला. या एका दुरुस्तीने असंख्य शब्दांतली अनावश्यक व्यंजने गळून गेली.

स्वरांची अडचण तर आजही आहे. चित्रलिपी स्वर लिहीत नाही, म्हणून अभ्यासक सोयीसाठी व्यंजनांमध्ये ‘ए’ घालतात. ‘सुंदर, चांगले’ या अर्थाचा न-फ-र हा शब्द ते ‘नेफेर’ असा वाचतात. कॉप्टिकमध्ये तो ‘नूफे’ आहे. पण कॉप्टिकसुद्धा पिरॅमिडांनंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. मधल्या काळात स्वर सरकले, शेवटची व्यंजने झिजली. ज्याला आपण रामसेस म्हणतो, त्याचे नाव हित्ती राजांशी झालेल्या पत्रव्यवहारात कीलाक्षर लिपीत ‘रियामशेशा’ अशासारखे लिहिलेले सापडते. कीलाक्षरात स्वर लिहितात, त्यामुळे त्या काळी हे नाव कानांना कसे लागत असेल याचा अंदाज त्यावरून अधिक जवळचा येतो.

शांपोलियाँच्या पद्धतीवर कित्येक वर्षे काहींचा विश्वास नव्हता. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्या लेखाचे ग्रीक भाषांतर आधी डोळ्यांपुढे असते तो लेख ‘वाचून’ दाखवण्यात विशेष काय? हवी होती ती अशी परीक्षा, जिच्यात उत्तर आधी ठाऊक नाही. ती 1866 मध्ये झाली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तानिस या जुन्या शहराच्या अवशेषांत लेप्सियुसला एक उभी शिला मिळाली. इसवी सनापूर्वी 238 मधला, तिसऱ्या टॉलेमीच्या काळातला, कॅनोपस येथे केलेला पुरोहितांचा ठराव. पुन्हा चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक, पण रोझेटापेक्षा कितीतरी लांब आणि चित्रलिपीचा भाग धडधाकट. चित्रलिपी तिच्या स्वतःच्या नियमांनी वाचली आणि मग ग्रीकशी ताडून पाहिली, तर अर्थ जुळत गेला. 365 दिवसांचे वर्ष ऋतूंच्या मागे पडत जाते, म्हणून दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त धरावा, ही त्या ठरावातली आज्ञादेखील चित्रांत आणि ग्रीकमध्ये सारखीच निघाली. त्यानंतर वाचनाच्या पद्धतीविषयीचा वाद जवळपास संपला आणि अभ्यासक शब्दांच्या बारीक अर्थांकडे वळले.